प्रतिसाद: लिथियमची लेव्हल अचानक का वाढते

> "आईची लिथियमची गोळी तीच, डोस तोच, मग लेव्हल 0.8 वरून 1.7 कशी झाली?"

गोळी तीच असली तरी ती बाहेर टाकणारी किडनी त्या आठवड्यात वेगळी वागत असते. लिथियम जवळजवळ पूर्ण लघवीतूनच जातं, आणि किडनी त्याला सोडियमसारखंच वागवते, म्हणजे अंगातलं पाणी-मीठ कमी झालं की ती सोडियम धरून ठेवते आणि सोबत लिथियमपण.

माझ्या मावशीचं असंच झालं. मे महिन्यात गुडघा दुखतो म्हणून मेडिकलमधून आयबुप्रोफेन आणून पाच दिवस घेतली, त्यात जुलाब लागले, जेवण नाही. आधी हात बारीक थरथरायचे ते नेहमीचंच, पण मग कप धरता येईना, चालताना तोल जायला लागला, बोलणं जड झालं. लेव्हल 1.9 निघाली. अॅडमिट करून सलाइन लावलं, लिथियम थांबवलं, तेव्हा उतरली. साधारण 0.6 ते 1.0 मध्ये ठेवतात आणि 1.5 च्या वर त्रास सुरू होतो, एवढंच अंतर आहे हो!

आईला मधे पेनकिलर, बीपीची नवी गोळी (लघवीची किंवा रामिप्रिल, टेल्मिसार्टनसारखी) किंवा अळणी जेवण सुरू झालंय का ते बघा आणि आजच डॉक्टरांना फोन करा, 1.7 ला वाट बघू नका. आणि रक्त शेवटच्या डोसनंतर 12 तासांनी दिलं होतं ना? सकाळची गोळी घेऊन लगेच दिलं असेल तर आकडा उगाच जास्त येतो.