मदत हवी आहे: नव्या विद्यार्थ्याच्या पहिल्याच मेसेजमध्ये विचित्र शब्द, उत्तर कसं द्यावं?

पेटीवाली_ठाणे: मी घरी हार्मोनियम शिकवते. काल एका अनोळखी नंबरवरून हा मेसेज आला, जसाच्या तसा देते:

"सेवन फॉर्टी टू पीएम एडिट बॉक्स डबल टॅप टू नमस्कार मला हार्मोनियम शिकायची आहे स्वल्पविराम आधी शिकलेलो नाही मला दिसत नाही फी किती"

मी ७:४२ ची वेळ मागतोय असं समजून लिहिलं की पावणेआठची बॅच नाही, सातची आहे, आणि नेहमीप्रमाणे फीच्या कार्डाचा फोटो पाठवला. त्यानंतर उत्तरच नाही. माझं काही चुकलं का?

निनाद७७: स्कॅम आहे, ब्लॉक करा. असे तुटक मेसेज मशीनच पाठवतं.

श्रद्धा_क: स्कॅम कशाला, स्पष्ट लिहिलंय की दिसत नाही. स्क्रीन रीडरने ते शब्द टाईप केलेत.

कानाने_वाचतो: स्क्रीन रीडर टाईप करत नाही, तो फक्त स्क्रीनवरचं बोलून दाखवतो. मी स्वतः टॉकबॅक हा अँड्रॉइड फोनमधला स्क्रीन रीडर वापरतो. फोन उघडला की तो वेळ सांगतो, मेसेजच्या चौकटीवर बोट गेलं की "एडिट बॉक्स, डबल टॅप टू…" म्हणतो, आणि त्याचं बोलणं संपायच्या आत बोलून टाईप करायचा माइक सुरू झाला की स्पीकरमधला तो आवाजही माइक पकडतो. म्हणून वाक्य "टू" वर तुटलंय. स्वल्पविराम मात्र ते स्वतःच बोललेत, चिन्हाऐवजी शब्द उमटला. ताई, तो मेसेज किती वाजता आलाय बघा.

पेटीवाली_ठाणे: ७:४३!! म्हणजे त्यांनी वेळ मागितलीच नव्हती.

कानाने_वाचतो: हो. आणि फोटोतली फी त्यांना ऐकूच आली नसेल, टॉकबॅक बहुतेक नुसतं "फोटो" म्हणाला असेल. फी, वार, वेळ साधं टाईप करून पाठवा, आणि कुठली वेळ सोयीची एवढं एकच विचारा.

राजू_मिरज: माझ्या बाबांच्या मेसेजमध्येपण सगळीकडे पूर्णविराम पूर्णविराम येतं, ते बंद कसं करायचं? त्यांना दिसतं चांगलं.

कानाने_वाचतो: दादा, त्यांना तो शब्द न बोलता थांबून बोलायला सांगा, चिन्हं नंतर हाताने टाकायची.

श्रद्धा_क: पण ताईंनी त्यांना सांगावं का की असे शब्द येतायत? मला तर पहिल्या ओळखीत चूक दाखवल्यासारखं वाटेल.

कानाने_वाचतो: मला कोणी सांगितलं तर आवडेल, कारण हेडफोन लावला की हा प्रकार जवळजवळ थांबतो आणि उद्या ते नोकरीसाठीपण असाच मेसेज पाठवतील. पण हे माझं झालं, सगळ्यांना चालेलच असं नाही.

पेटीवाली_ठाणे: आत्ता पाठवलं: "नमस्कार, काल मी तुमचा मेसेज नीट समजले नाही, माफ करा. फी महिना ८०० रुपये, सोमवार आणि गुरुवार. सकाळी दहा की संध्याकाळी सात, काय जमेल?" हेडफोनचं अजून काही लिहिलं नाही. दोन निळ्या खुणा आल्यात, उत्तर आलं की इथे सांगते.