अनुभव धागा : लाकडी जमीन करकरते तेव्हा सैल जागा कशी शोधली आणि आवाज कसा बंद केला?

पायरव, न्यू जर्सी

आमच्या घरात दोन ठिकाणी जमीन करकरत होती. त्यांपैकी एका ठिकाणचा आवाज बंद झाला आहे आणि दुसऱ्या ठिकाणचा अजून आहे. बंद झालेल्या जागेचा अनुभव आधी लिहितो, म्हणजे दुसरीबद्दल विचारणे सोपे जाईल.

पहिली जागा तळमजल्याच्या बोळात होती. वर ओकच्या पट्ट्यांची जमीन, तिच्याखाली प्लायवुड आणि त्याला आधार देणारे लाकडी जॉइस्ट अशी रचना आहे. खाली तळघर असून त्याला छत लावलेले नाही, त्यामुळे जॉइस्ट उघडे दिसतात. वर उभे राहून ऐकले तर आवाज दाराच्या उंबऱ्यापाशी येतो असे वाटे, आणि तळघरातून ऐकले तर तो बराच पलीकडून येतो असे वाटे. आवाज लाकडातून पसरत असल्यामुळे नेमकी जागा कळण्यासाठी नुसत्या कानाचा भरवसा धरता येत नाही. म्हणून पत्नीला वर उभे केले आणि टाचेवरून चवड्यावर, पुन्हा टाचेवर असा भार हळूहळू सरकवायला सांगितले. मी खाली टॉर्च घेऊन, जॉइस्टचा माथा आणि प्लायवुड जिथे भेटतात त्या सांध्यावर बोट ठेवून पुढे पुढे सरकत गेलो. एका जागी प्लायवुड खाली येऊन पुन्हा वर जाताना बोटाला स्पष्ट जाणवले. तिथे जॉइस्टवर सुमारे २ मिलिमीटरची फट होती आणि ती वीतभर लांब होती. देवदाराची पातळ पाचर दोन्ही बाजूंनी सुतारकामाचा गोंद लावून त्या फटीत सरकवली आणि गोंद वाळेपर्यंत बोळात कोणी पाऊल टाकले नाही. त्यानंतर तिथे आवाज आलेला नाही.

दुसरी जागा वरच्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये, दारातून आत आल्यावर हातभर अंतरावर आहे. तिथे वर गालिचा आहे आणि खालच्या बाजूला दिवाणखान्याचे ड्रायवॉलचे छत आहे, त्यामुळे कुठूनच हात पोहोचत नाही. ज्यांनी अशी जागा दुरुस्त केली आहे त्यांनी आपला अनुभव सविस्तर लिहावा, ही विनंती.

सुतारपक्षी, टोरांटो

मी अनेक वर्षे घरांच्या लाकडी सांगाड्याचे काम केले आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. बहुतेक वेळा लाकूड स्वतः करकरत नाही. घर बांधताना जॉइस्ट थोडे ओले असतात आणि पुढे सुकून आकसतात. मग प्लायवुड खिळ्यांच्या आधाराने अधांतरी राहते. पाय पडला की ते खिळ्याच्या दांड्यावरून खाली सरकते, पाय उचलला की वर येते, आणि त्या घासण्याचा आवाज आपल्याला ऐकू येतो. पायरव यांनी पाचर ठोकली नाही, नुसती सरकवली, हे फार महत्त्वाचे आहे. पाचर हातोडीने जोरात ठोकली तर ती प्लायवुड आणखी उचलते आणि शेजारच्या खिळ्यांपाशी नवी फट पडते. हाताने जाईल तितकी जाऊ द्यावी, फार तर शेवटी एक हलका ठोका द्यावा. फट हात-दोन हात लांब असेल तर पाचरींच्या मागे न लागता, जॉइस्टच्या कुशीला एक पट्टी गोंद लावून प्लायवुडला खालून टेकेल अशी धरावी आणि ती जॉइस्टला स्क्रूने आवळावी.

तळघरात उभे असताना आणखी एक गोष्ट पाहावी. जॉइस्ट चुकवून त्याच्या बाजूने खाली आलेला खिळा दिसतो का? असा खिळा काहीही धरून ठेवत नाही आणि प्रत्येक पावलाला जॉइस्टच्या अंगावर घासतो. तिथे पाचरीचा उपयोग नाही. खिळा कापून टाकावा किंवा जॉइस्टपासून दूर वाकवावा, की आवाज थांबतो.

बेडरूमच्या जागेसाठी गालिच्यावरून मारण्याचे खास स्क्रू मिळतात. त्यांच्या दांड्यावर आधीच खाच पाडलेली असते. सोबत तीन पायांची एक छोटी घोडी येते, तिच्यातून स्क्रू ठरावीक खोलीपर्यंतच जातो. मग घोडीवरच्या खोबणीत धरून तो हलवला की खाचेपाशी तुटतो आणि त्याचे डोके वर राहत नाही. मात्र स्क्रू जॉइस्टमध्येच बसला पाहिजे. नुसत्या प्लायवुडमध्ये मारलेला स्क्रू काही कामाचा नाही.

माडीवरची, राजापूर

आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर प्लायवुड नाही. तुळयांवर थेट फणसाच्या फळ्या बसवून लोखंडी खिळ्यांनी ठोकलेल्या आहेत. पावसाळ्यात माळा अगदी मुका असतो आणि एप्रिल-मे आला की प्रत्येक पावलाला करकरतो. हवेतल्या ओलीने फळ्या फुगतात तेव्हा त्या एकमेकींना घट्ट धरतात, आणि उन्हाळ्यात आकसल्या की सैल होतात. म्हणून आमच्या सुतारकाकांनी दुरुस्तीसाठी मुद्दाम उन्हाळाच निवडला, कारण सैल जागा तेव्हाच कळतात. गंजून बारीक झालेले खिळे त्यांनी उपसले नाहीत, कारण उपसताना जुनी फळी चिरते. त्यांनी प्रत्येक खिळ्याशेजारी आधी भोक पाडले आणि तुळईपर्यंत जाणारा स्क्रू बसवला.

एक सूचना मनापासून करते. पाय टाकल्यावर जमीन करकरण्याऐवजी मऊ लागत असेल, किंचित खचत असेल, तर आवाजाच्या मागे न लागता खालून तुळई पेचकसाने टोचून पाहावी. आमच्या एका तुळईच्या भिंतीतल्या टोकाला वाळवी लागली होती आणि पेचकस सहज आत गेला. तिथे स्क्रू मारून काहीच साधले नसते. आधी तुळईला टेकू द्यावा लागला.

साधाउपाय, नागपूर

इतका खटाटोप कशासाठी करावा? आमच्या कॉलनीतल्या जुन्या बंगल्यात फळ्यांच्या सांध्यांत टाल्कम पावडर भरून ब्रशने आत ढकलली आणि आवाज थांबला. घर्षण कमी झाले की आवाज जातो, एवढेच या प्रकरणाचे मूळ आहे.

सुतारपक्षी, टोरांटो

दोन फळ्यांच्या कडा एकमेकींवर घासत असतील तर आपला उपाय खरोखर चालतो, आणि भाड्याच्या घरात जिथे भोक पाडता येत नाही तिथे तो करून पाहावाच. मात्र फळीची हालचाल तशीच राहते, त्यामुळे पावडर खाली झडून गेली की आवाज परत येतो. गालिच्याखालच्या प्लायवुडमध्ये जिथे खिळा घासतो तिथपर्यंत तर पावडर पोहोचतच नाही.

थेम्सकाठ, लंडन

आमचे घर शंभराहून अधिक वर्षे जुने आहे आणि जमीन रुंद फळ्यांची आहे. इथल्या जुन्या घरांत राहणाऱ्यांनी फळीवरून स्क्रू मारण्याआधी खाली काय आहे ते पाहिलेच पाहिजे. रेडिएटरचे तांब्याचे नळ पुष्कळदा जॉइस्टच्या माथ्यात खाच पाडून, फळीला जवळजवळ टेकून नेलेले असतात. त्यामुळे स्क्रू जॉइस्टमध्ये मारला म्हणजे तो सुरक्षित आहे असे इथे म्हणता येत नाही. नळ त्या जॉइस्टमध्येच असू शकतो. मी धातू आणि वीजवाहिनी दाखवणारे यंत्र फिरवले, रेडिएटरकडे जाणारी रेषा खडूने आखली आणि तिच्या जवळपास एकही स्क्रू मारला नाही. बाकी ठिकाणी जुन्या खिळ्याच्या अगदी शेजारची जागा निवडली, कारण तिथे पूर्वी खिळा गेलेला असल्याने खाली नळ असण्याचा संभव कमी असतो. फळी सुमारे २० मिलिमीटर जाडीची होती, म्हणून ४० मिलिमीटरचे स्क्रू पुरले. ज्या फळीखालून नळ जातो ती मी उचलली, तेव्हा नळच लाकडाला घासत असल्याचे दिसले. खाचेत फेल्टचा तुकडा घातल्यावर तो आवाज थांबला.

नवाघरमालक, पुणे

आमच्या फ्लॅटमध्ये गेल्या वर्षी लाकडी जमीन करून घेतली आणि खिडकीपाशी ती चालताना वाजते. मीही जॉइस्ट शोधून स्क्रू मारावेत का? विक्रेता म्हणतो की काही महिन्यांत आवाज आपोआप जाईल.

सुतारपक्षी, टोरांटो

आपण कृपया एकही स्क्रू मारू नका. आपल्या जमिनीखाली काँक्रीटचा स्लॅब आहे, तिथे जॉइस्ट नाहीत. आपण लॅमिनेट बसवले असावे. ते कशालाही न ठोकता फोमच्या थरावर नुसते पसरलेले असते आणि स्क्रूने एका जागी बांधले तर दुसरीकडे उचकटते. भिंतीलगतची स्कर्टिंगची पट्टी काढून पाहा. लॅमिनेट आणि भिंत यांच्यामध्ये ८ ते १० मिलिमीटर मोकळी जागा हवी. खिडकीपाशी ऊन येऊन फळ्या पसरत असतील आणि त्या भिंतीला टेकल्या असतील, तर मधली जमीन किंचित उचलली जाऊन वाजते. तिथली कड कापून जागा मोकळी केली की बहुधा काम होते. मोकळी जागा पुरेशी असूनही आवाज येत असेल, तर खालचा स्लॅब खोलगट असणार. मग तेवढा भाग उकलून सपाट करण्यावाचून इलाज नाही, आणि ते काम ज्याने जमीन बसवली त्याच्याकडूनच करून घ्यावे.

पायरव, न्यू जर्सी

सर्वांचे मनापासून आभार. बेडरूममध्ये काय झाले ते लिहितो.

भिंतीतले लाकूड शोधण्याचे यंत्र गालिचा आणि अस्तर यांच्यावरून काहीच नीट दाखवेना. तेव्हा कपाटाच्या कोपऱ्यात गालिचा खिळपट्टीवरून सोडवून उलटला. प्लायवुडमध्ये खिळ्यांच्या सरळ ओळी दिसल्या आणि दोन ओळींमधले अंतर १६ इंच होते. जॉइस्ट त्या ओळींखालीच असणार, म्हणून तेच अंतर भिंतीपासून मोजत दारापर्यंत आलो आणि गालिच्यावर चिकटपट्टीने रेषा आखल्या. संचात जॉइस्ट तपासण्यासाठी वेगळा स्क्रू होता. तो प्लायवुडच्या पार गेल्यावर खाली लाकूड नसेल तर एकदम मोकळा फिरू लागतो, आणि जॉइस्ट असेल तर ड्रिलवर जोर येत राहतो. रेषा बरोबर निघाली. त्या रेषेवर करकरणाऱ्या जागेच्या दोन्ही बाजूंना स्क्रू मारले. स्क्रू आत जात असताना मी मुद्दाम त्या जागेवर उभा होतो, कारण प्लायवुड जॉइस्टला टेकलेले असतानाच ते आवळले जायला हवे. आमचा गालिचा कापलेल्या धाग्यांचा आहे, त्यामुळे धागे बाजूला सारून स्क्रू नेता आला. विणीत अखंड फासे असलेल्या गालिच्यावर हे करण्याचे मी धाडस केले नसते. स्क्रूत एक फासा अडकला तरी पूर्ण ओळ उसवते.

दारातून आत येतानाचा आवाज आता नाही. मात्र बाथरूमच्या भिंतीलगत दुसरा एक बारीक आवाज ऐकू येऊ लागला आहे. तो आधी मोठ्या आवाजात दबला होता की स्क्रूमुळे नव्याने आला, हे सांगता येत नाही. त्या भिंतीखाली नळ असल्याने तिथे हात लावलेला नाही.

थेम्सकाठ, लंडन

तिथे हात लावला नाहीत ते योग्यच केलेत. बाथरूममध्ये गरम पाण्याचा नळ सोडल्यावर, कोणी चालत नसतानाही तो आवाज येतो का, हे पाहावे. येत असेल तर तापून लांबणारा नळ लाकडाला घासत असणार.

सुतारपक्षी, टोरांटो

तसेच त्या भिंतीच्या तळपट्टीवर हात ठेवून कोणाला तरी शेजारून चालायला सांगावे. जमीन वाकते आणि भिंत जागेवर राहते, तेव्हा तळपट्टी आणि प्लायवुड यांच्यामध्ये घासणे होऊ शकते. हाताला थरथर लागली तर स्क्रू जॉइस्टऐवजी तळपट्टीत, तेही नळाची जागा नक्की कळल्यावरच मारायचा. हिवाळ्यात हीटर सुरू होऊन लाकूड पुरते सुकल्यावर एकदा पाहून इथे कळवा, कारण आत्ताच्या दमट हवेत ती जागा पुरती उघडी पडलेली नसेल.