मटकीला तार का सुटते?

"मुगाला छान मोड येतात, पण मटकी बुळबुळीत होते, आंबूस वास येतो. काय चुकतंय?"

बहुधा जास्त भिजतेय. मटकीला ८ तास पुरतात, कडक उन्हाळ्यात ६. पाण्यावर फेस दिसला की आंबायला सुरुवात झाली समजा. उपसल्यावर दोनदा धुऊन चाळणीत अर्धा तास निथळू द्या. मी हे टाळायचे तेव्हा पुरचुंडीच्या तळाशी हमखास चिकट गोळा सापडायचा, कारण साचलेल्या पाण्यात दाण्यांना हवाच मिळत नाही. फडकं ओलसर हवं, ठिबकणारं नको, आणि गाठ सैल. सकाळ-संध्याकाळ मटकी धुवा, पुन्हा पूर्ण निथळा, फडकंही धुऊन पिळा. मोड अर्धा इंच झाले की फ्रिजमध्ये. तार सुटलेली मटकी मात्र धुऊन वापरू नका, टाकून द्या.