धाकटीचं लग्न आधी ठरलंय: घरात आणि मांडवात काय सांभाळायचं?

धागाकर्ती: घर असं धरून चला. थोरली ३२ ची, धाकटी २७ ची. धाकटीनं स्वतःच जमवलंय, लग्न तीन महिन्यांवर. थोरली "मला काही हरकत नाही" म्हणते, पण जेवताना विषय निघाला की ताट घेऊन उठते. तिला कसं सांभाळायचं आणि नातेवाइकांना काय सांगायचं? लांबलचक कहाण्या नकोत, नेमकं काय करायचं ते लिहा.

अंतरपाट: बहुतेक घरांत चूक सांगण्याच्या क्रमात होते. आत्या अभिनंदनाचा फोन करते आणि थोरलीला बातमी तिथून कळते. ते मग कायमचं लागून राहतं. बोलणी व्हायच्या आधी धाकटीनं एकटीनं जाऊन सांगावं. आईबाबा समोर असले की थोरलीला तिथल्या तिथे समजूतदार व्हावं लागतं.

"तुला चालेल ना?" हा प्रश्न टाळा. त्याला 'हो'शिवाय उत्तर देता येत नाही, आणि पुढे कधी रडू आलं तर "तूच हो म्हणालीस" ऐकावं लागतं. त्याऐवजी विचारा: तुझ्याबद्दल कुणी विचारलं तर काय सांगू? लग्नात कशात असायला आवडेल? कुठलं काम अजिबात नको? उत्तर आठ दिवसांनी आलं तरी चालेल. ताट घेऊन उठते म्हणजे 'नाही'च म्हणतेय असं नाही. जेवणाच्या टेबलावर रोज हॉल आणि साड्याच निघत असतील तर कुणीही उठेल.

विसूभाऊ: शास्त्रात थोरल्याआधी धाकट्याचं लग्न दोषाचं मानलंय. एखादी शांती करून घ्या, बोलणाऱ्यांची तोंडं बंद.

बाराखडी: विसूभाऊ, अर्धं बरोबर. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात थोरल्या भावाआधी लग्न करणाऱ्याला 'परिवेत्ता' म्हणून नावं ठेवलीत. पण थोरला परदेशी असेल, संन्यासी असेल तर जुन्या ग्रंथकारांनीच सूट दिलीय. आजचं म्हणाल तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात भावंडांच्या क्रमाची अट कुठेच नाही. आणि शांतीनं तोंडं बंद होत नाहीत हो. पूजा मांडली की "दोष होता म्हणून केली" हे घरानंच कबूल केल्यासारखं होतं, आणि तो दोष थोरलीच्या नावावर लागतो.

मंदाकाकू: नातेवाइकांसाठी एकच वाक्य ठरवा, तेही थोरलीला पटलेलं. उदा. "तिचं ती ठरवेल तेव्हा. तुम्ही २० तारखेला नक्की या." आईबाबा, काका, आजी, सगळ्यांनी हेच म्हणायचं. घोटाळा होतो तो कारणं दिल्यानं. आई म्हणते "शिक्षण चाललंय", बाबा म्हणतात "पत्रिका जुळत नाही", आणि काकू दोघांशी बोलून तिसरंच काढते. कारण दिलं की त्यावर उपायही येतो: "माझ्या ओळखीत एक मुलगा आहे." वाक्याचा दुसरा भाग मुद्दाम आहे, समोरच्याला बोलायला दुसरा विषय मिळतो.

मुलाकडच्यांना मात्र पहिल्याच भेटीत सरळ सांगा. नाहीतर साखरपुड्यात त्यांची मावशी सगळ्यांदेखत विचारते.

थोरला_दादा: माझं उलटंच आहे. धाकट्याचं ठरलं म्हणून घरचे मला दर रविवारी स्थळं दाखवतात, 'एकाच मांडवात दोन्ही उरकू' म्हणून. नाही कसं म्हणायचं?

मंदाकाकू: दादा, प्रश्न तुमचा वेगळा, पण थोरलीवरही हीच वेळ येणार आहे. "या तीन महिन्यांत एकही स्थळ बघणार नाही, नंतर मीच विषय काढेन" असं मुदतीसकट सांगा. नुसतं "आत्ता नको" म्हटलं की पुढच्या रविवारी पुन्हा फोटो येतो.

अंतरपाट: लग्नाच्या दिवसाचंही बघा. थोरलीला दाराशी अत्तर-गुलाबपाणी घेऊन उभं करू नका. येणारा प्रत्येक जण तिथेच थांबतो आणि "आता तुझा नंबर!" म्हणतो. दोनशे पाहुणे म्हटले तर कितीदा ते मोजा. खोलीतलं, हलतं काम द्या: दागिन्यांची पेटी, नवरीची तयारी, गुरुजींना लागेल ते हाताशी देणं. शिवाय एखादी मामेबहीण तिच्याजवळ ठेवा, कुणी पकडून बसवलं की "ताई, आत बोलावलंय" म्हणायला.

केळवण: आणि करवली? नवरीच्या मागे करा-दिवा घेऊन तीच उभी राहणार ना? बहिणीचा मान आहे तो.

अंतरपाट: मान आहे, पण सगळा मांडव तिच्याकडेच बघतो. धाकट्या चुलतबहिणीला द्या.

केळवण: न विचारता काढून घेतला तर ते जास्त लागतं. काही जणींना तिथेच उभं राहायचं असतं.

धागाकर्ती: हे विचारलंच नव्हतं. तिनं काल आपणहून करा घासून ठेवलाय. काय समजायचं?