मदत हवी आहे: न बोलणाऱ्या मुलाला चित्रकार्ड आणि ॲपची सवय घरी कशी लावायची?

तापीकाठची_आई: मुलगा पाच वर्षांचा, ऑटिझम आहे, शब्द नाहीत. काही हवं असलं की माझा हात धरून ओढत नेतो. आम्ही चोपड्याजवळ राहतो, थेरपिस्ट जळगावला, त्यामुळे रोजचं घरीच करावं लागतं. कार्डं छापली, चित्र दाबलं की शब्द बोलणारं जेलो ॲपही टाकलं. कार्ड धरून ‘काय पाहिजे?’ विचारलं तर बोट लावतो, आपणहून मात्र कधीच नाही. मोबाईल हातात आला की यूट्यूब शोधतो. शिवाय घरात सगळे अहिराणी बोलतात, ॲप प्रमाण मराठीत. काय करू?

सातपुडा५: ताई, मोबाईल बंदच करा. आणि चित्रावर सगळं मिळालं तर तो बोलेल कशाला?

धुळे_शिक्षिका: यूट्यूबचं खरं आहे, पण चित्रांनी बोलणं अडत नाही. उलट काही मुलांचे शब्द वाढतात. ताई, ‘काय पाहिजे?’ विचारणं थांबवा. तो त्या प्रश्नाची वाट बघायला शिकलाय.
एकच कार्ड घ्या, त्याच्या सर्वांत आवडीच्या वस्तूचं. केळीचे वेफर्स आवडतात असं धरू. तुम्ही वेफर घेऊन समोर बसा, घरातलं दुसरं कुणी त्याच्या मागे. कार्ड मध्ये. तो वेफरकडे हात नेईल तेव्हा मागच्या माणसाने गुपचूप तो हात कार्डाकडे वळवायचा, कार्ड उचलून तुमच्या तळहातावर ठेवू द्यायचं. तुम्ही लगेच ‘वेफर!’ म्हणून छोटा तुकडा द्यायचा. मागच्याने तोंडातून शब्द काढायचा नाही. मदत शेवटाकडून कमी करा: आधी हातावर ठेवणं त्याचं त्याला करू द्या, उचलणं सगळ्यात शेवटी. जमलं की तुम्ही दोन पावलं लांब बसा. बोट लावण्यात आणि कार्ड आणून देण्यात फरक हाच, की द्यायला माणूस शोधावा लागतो.

मुक्ताई_१२: माझी मुलगी अडीच वर्षांची, दहा-बारा शब्द बोलते. तिलाही कार्डं आणू का?

धुळे_शिक्षिका: तिची आधी कानाची तपासणी करून घ्या. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

शिरपूरचा_बाबा: कार्डं शिकून होण्याची वाट बघत ॲप थांबवू नका, माझं मत. जुना फोन फक्त जेलोसाठी ठेवा, ॲप पिनिंग चालू करा म्हणजे यूट्यूबकडे जाता येत नाही. आणि त्याच्याकडून काही मागू नका, तुम्हीच वापरा. पाणी देताना स्वतः पाण्याचं चित्र दाबा, मग ग्लास द्या. आम्ही कितीतरी दिवस एकटेच दाबत होतो. चित्रांच्या जागा सारख्या बदलू नका, मुलं चित्रापेक्षा जागा लक्षात ठेवतात.
भाषेचं म्हणाल तर ॲपमध्ये स्वतः बनवलेल्या चित्रांच्या बोर्डवर नावं अहिराणीत लिहा. आजी ‘माले पानी दे’ म्हणते, तेच कानावर पडू दे.

धुळे_शिक्षिका: इथे मी थोडी साशंक आहे. शाळेत पुन्हा मराठीच येणार.

तापीकाठची_आई: मागे सासूबाई बसतील. पण वेफर संपल्यावरही तो कार्ड देतच राहिला तर? लपवून ठेवू का?

धुळे_शिक्षिका: लपवू नका, मागायचं साधनच जाईल. रिकामा डबा दाखवून ‘संपलं’ म्हणा. रडेल, तरी कार्ड तिथेच असू द्या.