अनुभव धागा: निरोपाची भेट, वर्गणी थोडी आणि तीही कमी-जास्त

कडकभाकरी

आमच्या सेक्शनमधल्या एका सरांची नागपूरला बदली झाली आणि वर्गणी गोळा करायचं काम नेहमीसारखं माझ्याच गळ्यात पडलं. सर सोडून आम्ही ११ जण. मी म्हटलं प्रत्येकी ३०० काढू, ३३०० होतील, बघू काहीतरी चांगलं. झालं काय, तर दोघांनी ५०० दिले, चौघांनी ३००, एकीने २००, तिघांनी १०० आणि एकजण "पगार झाला की देतो" म्हणाला तो अजून देतोयच. म्हणजे २७००. त्यातले शाल-श्रीफळ-हार ४५० आणि १२ जणांचा नाष्टा-चहा ४८०, राहिले १७७०.

आता १७७० मध्ये काय घ्यायचं यावर ग्रुपवर दोन दिवस नुसता गोंधळ. कुणी म्हणे भिंतीवरचं घड्याळ, कुणी म्हणे विठ्ठलाची मूर्ती, एकाला तर ट्रॉलीबॅगच पाहिजे होती (१७७० मध्ये, हो!). शेवटी आमचे शिपाईमामा बोलले, "साहेबांचा थर्मास बघितलाय का कुणी?" सर रोज घरून चहा आणतात आणि त्या थर्मासचं झाकण गेली दोन वर्षं रबरबँडने धरून ठेवलेलं आहे. रोज समोर टेबलावर दिसतंय आणि आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही! एक लिटरचा स्टीलचा थर्मास ९५० ला मिळाला, एक सोलापुरी चादर ७२० ला, १६७० झाले, उरलेल्या १०० मध्ये कागद आणि कार्ड.

पण खरी चूक पुढे आहे. आमच्यातल्या एका उत्साही पोराने हिशोब पारदर्शक हवा म्हणून नावासमोर रक्कम लिहून अख्खी यादी ग्रुपवर टाकली. मामांच्या नावापुढे १००. भेट त्यांनीच सुचवलेली, पण फोटोच्या वेळी मामा "कप धुवून येतो" म्हणून गेले ते आलेच नाहीत. मला ते अजून टोचतंय. तुम्ही लोक हे कसं करता? अनुभव टाका.

सातरस्ता

काय बे, यादी टाकायलाच कशाला पाहिजे होती? एकूण जमा एवढे, खर्च एवढा, बिलाचा फोटो, बास. पारदर्शकता खर्चाची ठेवायची, कुणी किती दिले त्याची नाही.

जुनाकॅशियर

मी ३१ वर्षं बँकेत काढली, निरोपसमारंभ इतके केले की मोजणं सोडलं. दोन गोष्टी सांगतो.

पहिली, वस्तू आधी बघायची नाही, पैसे आधी. आमच्याकडे एकदा मिक्सर पसंत करून दुकानात ५०० ॲडव्हान्स देऊन आले, मग वर्गणी मागायला सुरुवात. ११०० कमी पडले. ते दोघांनी खिशातून भरले आणि पुढे वर्षभर ज्याला त्याला ऐकवत राहिले. तारीख ठरवा, त्या दिवशी जेवढे जमले तेवढ्यातच बसेल ते घ्या, नंतर आले तर नाष्ट्याला.

दुसरी, "कमीत कमी ३००" असं कधी लिहू नका, "जास्तीत जास्त ३००" लिहा. आणि सगळ्यांना एकसारखी पाकिटं देऊन एका डब्यात टाकायला सांगा, नाव नाही काही नाही. ऑनलाइन पाठवणारा असेल तर ते एकाच माणसाच्या मोबाईलवर यावेत आणि त्या माणसाचं तोंड बंद असावं. खरं सांगायचं तर पाकिटं सुरू केल्यावर आमची एकूण रक्कम थोडी घटलीच, कारण दाखवायला ५०० देणारे गपचूप २०० टाकायला लागले. पण कप धुवायला कुणी गेलं नाही.

रश्मी_जुळेसोलापूर

पाकिटाचं पटतं, पण आमच्या ६ जणांच्या टीममध्ये नोटा बघून कुणाचं पाकीट ते लगेच कळतं हो 😄 नवी कोरी नोट म्हणजे मॅडमचीच. छोट्या टीममध्ये लपवाछपवी चालत नाही. आम्ही सरळ सगळ्यांना १५० ठेवतो, ज्याला तेही जड आहे तो कार्डवरचा मजकूर लिहितो किंवा खरेदीला सोबत येतो, तीच त्याची वर्गणी. मागच्या वेळी एका मुलीने पैसे नाही दिले, पण घरून शेंगा चटणी करून आणली अर्धा किलो, आणि पुण्याला गेलेल्या मॅडमचा फोन आला तो चटणीसाठीच आला, आमच्या फोटोफ्रेमचं नाव पण नाही काढलं.

गड्डायात्री

चादर घेताना एक बघा, काठावर मिलचं नाव विणलेलं असतं, ते असलं की चादर ओरिजिनल सोलापुरी. डोळे झाकून घ्या.

चाटीगल्ली

@गड्डायात्री अर्धं बरोबर आहे दादा. नाव विणलेलं असतं हे खरं, पण जॅकार्ड मागावर कुणीही काहीही नाव विणू शकतं. पानिपतचा माल सोलापुरी म्हणून विकला जातो, आपल्याकडे यावरून किती ओरड झाली आठवत नाही का. डोळे झाकून नाही, उघडून घ्या. कारखानदाराच्या स्वतःच्या दुकानातून घ्या आणि पक्कं बिल मागा. हातात धरून वजन बघा, उलटी करून बघा, सुलट बाजूला जी नक्षी तीच उलट बाजूला रंग बदलून स्वच्छ दिसली पाहिजे. एका बाजूला नुसता छापा आणि मागे फिक्कट असेल तर ठेवून द्या.

अजून एक, सोलापूरच्याच माणसाला सोलापुरातच चादर? त्याच्या कपाटात आधीच आठ असतील, लग्नातल्या आहेरातल्या. बदली होऊन बाहेर जाणाऱ्याला ठीक आहे, तिथे लोक बघून विचारतात तरी. इथेच राहणाऱ्या रिटायर माणसाला नका देऊ.

कडकभाकरी

@चाटीगल्ली आमच्या सरांचं सासर अक्कलकोट रोडला, आठ नाही दहा असतील 🙈 पण वहिनींनी फोन करून सांगितलं की नागपूरच्या थंडीत तीच काढलीय, तर बरं वाटलं.

बाळीवेस_बॉय

माझा प्रश्न जरा वेगळा आहे. मी पुढच्या महिन्यात जॉब सोडायलोय, मला काय द्यायचं ते टीम बघेल, पण मी पार्टी द्यायची का? १४ जण आहेत, हुरडा पार्टी म्हटलं तर माझा अर्धा पगार जातोय.

सातरस्ता

@बाळीवेस_बॉय धागा काय, तू काय विचारायलास 😂 भजी-चहा दे आणि सुट.

जुनाकॅशियर

@बाळीवेस_बॉय उलट तू आधीच सांगून टाक की मला वस्तू नको. आमच्या एका सहकाऱ्याने तसंच केलं, सगळे पैसे नाष्ट्याला वळवले, कुणाला डोकेदुखी नाही.

रश्मी_जुळेसोलापूर

मला एक विचारायचंय. तो "पगार झाला की देतो"वाला, त्याचं नाव कार्डवर घातलं का?

कडकभाकरी

घातलं. मी म्हटलं सरांना काय कळणार कुणी दिले कुणी नाही. पण ज्यांनी ५०० दिले त्यातल्या एकीला ते आवडलेलं नाही, अजून बोलत नाही माझ्याशी नीट.

चाटीगल्ली

मी असतो तर नसतं घातलं. १०० देणारा आणि शून्य देणारा सारखा कसा?

जुनाकॅशियर

घालायचंच. त्या महिन्यात त्याच्या घरी काय चाललंय तुम्हाला काय माहीत.

चाटीगल्ली

काका, मामांच्या घरी काय चाललंय ते तरी कुणाला माहीत होतं? तरी त्यांनी दिलेच की.