अनुभव धागा : कोकण रेल्वेचा प्रवास हीच सुट्टी – गाडी, महिना आणि मुक्काम कसे ठरवावेत?

धागाकर्ता (रुळांची_रांग):
गोव्याला पोचायचं म्हणून रेल्वेने जाणारे पुष्कळ आहेत. हा धागा त्यांच्यासाठी नाही. रेल्वेत बसायचं म्हणून कोकणात जाणाऱ्यांसाठी आहे. मुंबई ते मडगाव हा टप्पा धरू. कुठली गाडी, कुठला महिना, कुठे उतरायचं आणि कुठे उतरू नये, हे ज्यांना नीट माहीत आहे त्यांनी लिहावं. 'खूप सुंदर आहे, नक्की जा' हे सगळ्यांना ठाऊक आहे, ते नको.

कातळसडा:
सुरुवात एका भ्रमापासून करतो. कोकण रेल्वे म्हणजे समुद्र बघत जाणं, असं समजून लोक उजवीकडची खिडकी मिळवायला धडपडतात. महाराष्ट्रात ही लाइन समुद्रापासून बरीच आत, सह्याद्रीच्या पायथ्याच्या डोंगरांतून जाते. समुद्र जवळजवळ दिसतच नाही. दिसतात त्या नद्या आणि खाड्या : चिपळूणला वाशिष्ठी, गोव्यात मांडवी आणि जुवारी. मडगावकडे जाताना डोंगर डाव्या हाताला. डावी खिडकी घ्या.

दुसरी गोष्ट, सगळा मार्ग सारखा नाही. पनवेल ते वीर बऱ्यापैकी सपाट आहे, भातशेती आणि गावं. रोहा–वीर दुपदरी झाल्यापासून गाड्या तिथून झपाट्याने निघून जातात. खरी लाइन वीरच्या पुढे सुरू होते आणि चिपळूण ते निवसर हा तिचा गाभा. माझ्या मते गाडी निवडताना एकच प्रश्न विचारायचा : चिपळूण–निवसर पट्टा उजेडात येतो का? येत नसेल तर ती गाडी कितीही चकचकीत असो, या कामाची नाही.

पऱ्याकाठी:
कातळसडा काका म्हणतात ते बरोबर, त्यात उक्षीची भर घालते. उक्षी हे संगमेश्वर आणि रत्नागिरी यांच्यामधलं छोटं स्टेशन. त्याला लागूनच रानपाटचा धबधबा आहे आणि पुढे लगेच करबुड्याचा बोगदा, साडेसहा किलोमीटरचा. लाइन एकेरी असल्यामुळे समोरून गाडी येणार असेल तर आपली गाडी बाजूच्या रुळावर थांबवतात. ते क्रॉसिंग उक्षीला पडलं तर दहा-पंधरा मिनिटं धबधबा समोर आणि गाडी उभी. नाही पडलं तर दोन डोळ्यांच्या पापण्या मिटेपर्यंत संपतं. हे कुणाच्या हातात नाही, वेळापत्रकात लिहिलेलंही नसतं. म्हणून संगमेश्वर सुटलं की मोबाइल खाली ठेवून खिडकीकडे बघत बसायचं, इतकंच.

बोगद्यात पाच-सहा मिनिटं अंधार असतो. खिडकी उघडी असेल तर गारठा आणि ओल्या दगडाचा वास आत येतो. धाकट्या पोरांना आधी सांगून ठेवा, नाहीतर रडारड.

ठाणे_ते_ठोकूर:
एक सोपी युक्ती सांगतो. 500 किलोमीटरच्या वरच्या तिकिटावर ब्रेक जर्नी मिळते. मुंबई–मडगाव तिकिटावर 765 किमी छापलेलं असतं. म्हणजे एकाच तिकिटावर चिपळूणला उतरा, दोन दिवस राहा, पुढे चला. वेगळी तिकिटं काढायची गरजच नाही.

कातळसडा:
अर्धं बरोबर आहे. 765 हा आकडा खरा, पण ते भाड्याचं अंतर. कोकण रेल्वेच्या हद्दीत भाड्यासाठी अंतर 40 टक्के वाढवून धरतात. प्रत्यक्ष रूळ सहाशेच्या आतच भरतात. आणि ब्रेक जर्नीच्या नियमात एक मेख आहे : पहिला मुक्काम सुरुवातीच्या स्टेशनपासून 500 किमी झाल्यावरच घेता येतो. चिपळूण सोडा, वाढीव अंतर धरूनही रत्नागिरीपर्यंत पाचशे किमी भरत नाहीत. जनशताब्दीला तर ही सोयच नाही. वेगळी तिकिटं काढा, डोक्याला ताप नको.

ठाणे_ते_ठोकूर:
पाचशेची ती अट माहीत नव्हती. मग तिकिटांचं कसं जमवायचं? मधल्या स्टेशनांहून मिळत नाहीत ना?

रुळांची_रांग:
तीच खरी अडचण. रत्नागिरीहून कुडाळ अशा छोट्या टप्प्याला जागांचा वाटा थोडा असतो आणि प्रतीक्षायादी हलत नाही. अशा वेळी आधीच्या स्टेशनापासून तिकीट काढून चढण्याचं स्टेशन रत्नागिरी करून घ्यायचं. थोडे पैसे जास्त जातात, पण जागा पक्की. स्टेशन बदलायचं मात्र आरक्षणाचा तक्ता लागायच्या आत. ते विसरलात तर तुम्ही आलाच नाहीत असं समजून जागा दुसऱ्याला दिली जाऊ शकते.

सप्टेंबरअखेरीसाठी सोयीची आखणी लिहितो. पहिल्या दिवशी सीएसएमटीहून 05:10ची जनशताब्दी. पनवेल सोडता सोडता उजाडतं, म्हणजे अंधारात काही वाया जात नाही. दुपारच्या आत रत्नागिरी आणि गाभ्याचा बराचसा पट्टा उजेडात. तिथे दोन रात्री. तिसऱ्या दिवशी तीच गाडी पकडून रत्नागिरी ते कुडाळ, मुक्काम मालवणला. पाचव्या दिवशी कुडाळहून गोवा. कुठलाच टप्पा फार लांब नाही, कंबर मोडत नाही.

07:10ची मांडवी जास्त स्टेशनांवर थांबते, खिडकीतून बघायला निवांत आहे. पण पावसाळी वेळापत्रकात ती मडगावला काळोख पडल्यावर पोचते. सलग जाणार असाल तर गोव्यातल्या दोन्ही नद्या अंधारात गेल्या म्हणून समजा. रत्नागिरीपर्यंतच जायचं असेल तर उत्तम.

निवसरकर:
रत्नागिरीला दोन रात्री मुक्काम हे पटलं, पण पुढचा टप्पा लोक झोपून काढतात म्हणून लिहितो. रत्नागिरी सुटल्यावर निवसरच्या आधी पानवलचा पूल लागतो. 64 मीटर उंच, 424 मीटर लांब. ताशी 75 ने गाडी जात असेल तर वीस सेकंदांत पार. आत बसून पूल असा दिसत नाहीच. दोन्हीकडची झाडं एकदम खाली जातात आणि त्यांचे शेंडे आपल्या पायाखाली येतात, त्यावरून कळतं. फोटो काढायला गेलात तर पूल संपलेला असतो. या पुलावर वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र आहे. वारा फार झाला की गाड्या थांबवतात. रत्नागिरीत विनाकारण गाडी उभी वाटली तर हेही कारण असू शकतं.

मीरारोडची_माई:
माझा प्रश्न जरा वेगळा. आईचे गुडघे दुखतात, नातू चार वर्षांचा. माथेरानची झुकझुक गाडी ऑगस्टमध्ये केली तर बरं का? तीही घाटातलीच ना!

पऱ्याकाठी:
माई, धागा कोकण रेल्वेचा आहे, पण सांगते. ऑगस्टमध्ये नेरळ–माथेरान गाडी बंद असते. पावसाळ्यात फक्त अमन लॉज ते माथेरान एवढीच फेरी चालते. त्यातून घाट दिसायचा नाही.

आईंना कोकणात न्यायचं असेल तर रत्नागिरी किंवा कुडाळ असं मोठं स्टेशन निवडा. छोट्या स्टेशनांवर गाडी दोनच मिनिटं थांबते, फलाट लहान असतो, कधी डबा फलाटाच्या बाहेर राहतो आणि पायरीवरून खाली खडीत उतरावं लागतं. गुडघेवाल्यांनी तिथे जाऊच नये. आणि नावात 'रोड' असलेली स्टेशनं, राजापूर रोड, वैभववाडी रोड, म्हणजे गाव लांब आहे असंच समजायचं. रिक्षा आधी ठरवून ठेवा.

बेंगळुरूचा_बाळ्या:
तुमच्या यादीत दूधसागर कसा नाही? कोकण रेल्वेचा सगळ्यात मोठा धबधबा तोच तर आहे.

कातळसडा:
दूधसागर कोकण रेल्वेवर नाही. तो मडगावहून पूर्वेकडे कुळे–कॅसलरॉक घाटात, दक्षिण पश्चिम रेल्वेवर. वेगळी लाइन, वेगळ्या गाड्या. दर सदतीस मीटरला एक मीटर चढ, म्हणून मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात. गोव्यापर्यंत आलातच तर वेगळा दिवस ठेवा. पण तिथे उतरून रुळांवरून चालायला बंदी आहे आणि ती पाळली जाते.

ठाणे_ते_ठोकूर:
व्हिस्टाडोमबद्दल कुणी बोललंच नाही. काचेचं छत, फिरणाऱ्या खुर्च्या. जनशताब्दीला आहे. त्याहून चांगलं काय?

पऱ्याकाठी:
पावसात छताच्या काचेवर ओघळ आणि बाष्प. वर बघून काय दिसणार? शिवाय डबा बंद, ना वास ना आवाज. जनशताब्दीचाच साधा बैठा डबा घ्या. खिडकी उघडते आणि पैसेही कितीतरी कमी लागतात.

रुळांची_रांग:
मला हे पूर्ण पटत नाही. खिडकीतून एकच बाजू दिसते आणि जोराच्या सरीत शटर पाडून बसावं लागतं, मग काहीच दिसत नाही. व्हिस्टाडोमच्या टोकाला उभं राहून बघायची जागा आहे. डबा गाडीच्या शेवटी असेल तर मागे सुटत जाणारे रूळ दिसतात, मात्र इंजिनाला लागून आला तर नुसतं इंजिन बघत जायचं. कुठल्या टोकाला आहे ते निघण्याआधी बघा.

निवसरकर:
महिन्याचं राहिलं. जुलै-ऑगस्टमध्ये धबधबे भरात, पण दरडी आणि रद्द गाड्यांचा धोकाही तेव्हाच. 2024च्या जुलैत मडुरे–पेडणे दरम्यानच्या बोगद्यात पाणी आणि चिखल आला, गाड्या थांबल्या, काही दुसऱ्या मार्गाने वळवल्या. त्या महिन्यात जाणाऱ्याने परतीच्या आधी एक दिवस मोकळा ठेवावा.

पावसाळी वेळापत्रक पूर्वी 10 जून ते 31 ऑक्टोबर असे, 2025मध्ये 15 जून ते 20 ऑक्टोबर केलं. या काळात वेग कमी आणि सुटण्याच्या वेळाही बदलतात. मडगावहून परतीची वंदे भारत एरवी 14:40ला, पावसाळ्यात 12:20ला आणि आठवड्यात तीनच दिवस. आरक्षण 60 दिवस आधी होतं, म्हणून जुनी वेळ डोक्यात ठेवून लोक स्टेशनवर येतात. आदल्या रात्री वेळ परत बघा.

गणपतीत जाऊ नका. 2026ला चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे. त्याच्या आधीचा आणि नंतरचा आठवडा चाकरमान्यांचा, तिकीटही त्यांनाच मिळू द्या.

मुंबईचा_मालवणी:
मग ऑक्टोबरचा शेवट सांगा ना. धबधबे नसले तरी भात पिकलेलं असतं, सगळं पिवळंजर्द, वेळापत्रकही नेहमीचं.

पऱ्याकाठी:
भात तोवर निम्मं कापलेलं असतं आणि रानपाटची नुसती ओली रेघ. सप्टेंबरचा शेवटचा आठवडाच खरा.

मुंबईचा_मालवणी:
कुडाळच्या पुढे शेतं बघा, मग बोला. डाव्या खिडकीला नाही, उजव्या.